खिशातला पाना

हंगामाची सुरुवातच ओल्या कापसाने झाली. वेचणीच्या तोंडावर पाऊस येऊन गेला होता आणि जिनिंग फॅक्टरीच्या आवारात उतरणारा माल हाताला गार लागत होता. मूठभर कापूस दाबून सोडला तर तो फुलून वर येत नव्हता, मनात राग धरल्यासारखा दबूनच राहत होता. असला कापूस मशीनवर घातला की रुई रुळांना गुंडाळते, सरकी फुटते आणि शिव्या खायला फिटर पुढे असतो.

तरीही हंगामाच्या पहिल्या दिवशी फिटर इस्त्रीचा शर्ट घालून कामावर आला.

त्याला सगळे फिटरच म्हणत. नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. बायकोला गल्लीने फिटरीण करून टाकलं होतं आणि मुलगी फिटरची पोरगी होती. ऐन तरुणपणी जिनांच्या रांगेवर पहिल्यांदा फिटर म्हणून उभा राहिला तेव्हा त्याला या नावाचा केवढा अभिमान वाटला होता. आता केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव तेच. माणूस फिटर म्हणून चढला आणि फिटर म्हणूनच त्या पायरीवर बसून राहिला.

जुना फोरमन उन्हाळ्यात थकून घरी बसला होता. जाताना त्याने आपल्या खोलीच्या किल्ल्या फिटरच्या हातात दिल्या. "सांभाळ आता तूच," म्हणाला. फॅक्टरी बंद असताना फिटरने ती खोली दोनदा झाडली. एकदा आजूबाजूला कुणी नाही बघून फोरमनच्या खुर्चीवर बसूनही पाहिलं. खुर्ची एका बाजूला कलत होती, पण गुडघ्यांना फार बरं वाटलं होतं. या गोष्टीची त्याने घरीसुद्धा वाच्यता केली नाही. घरी सांगायची गरजच नव्हती. "या हंगामाला आमचे हे फोरमन," असं फिटरिणीने पाण्याच्या नळावर दोघींना सांगून टाकलं होतं, आणि त्या दोघी म्हणजे अख्खी गल्ली.

मॅनेजरने सगळ्यांना वजनकाट्याजवळ गोळा केलं. हमाल आले, रुईच्या गाठी बांधणारे प्रेसवरचे आले, सरकी झाडणाऱ्या बायका फडक्यांनी तोंड पुसत आल्या. मॅनेजरने हंगामाबद्दल चार शब्द सांगितले आणि मग म्हणाला, "जुने फोरमन गेले. त्यांच्या जागी आजपासून आपले लंबू. त्यांचं सगळ्यांनी ऐकायचं."

सरकीवाल्या बायकांचं लक्ष मॅनेजरकडे नव्हतंच. त्यांनी फिटरचा इस्त्रीचा शर्ट बघितला होता. नाव कानात शिरायच्या आधीच त्या फिटरकडे तोंड करून टाळ्या वाजवू लागल्या. लंबू, फिटरच्याच हाताखालचा, पुढे झाला तेव्हा त्यांच्या टाळ्या अर्ध्यातच थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. फिटरही वाजवत होता. न वाजवून सांगतो कुणाला.

"फिटर, किल्ल्या तुमच्याकडे आहेत ना?" मॅनेजरने विचारलं.

फिटरने किल्ल्या काढल्या. लंबू त्याच्यापेक्षा हातभर उंच, त्यामुळे देताना हात वर करावा लागला.

"काका," लंबू हळूच म्हणाला, "मला कालच कळलं. तुम्हाला सांगायला येणार होतो, पण पाय उचलला नाही."

"त्यात काय सांगायचं? खुर्ची कलते. खाली पुठ्ठा घाल," फिटर म्हणाला आणि शर्ट काढून खुंटीला अडकवायला गेला. कामाचा शर्ट त्याने आणलाच नव्हता. दिवसभर बनियनवरच राहिला.

*

फिटरीण घरी दुरुस्तीची पोती शिवायची. उंबऱ्यात फाटक्या पोत्यांचा ढीग, हातात दाभण आणि सुतळी. नवरा आला तशी तिने वर बघितलं, बगलेतला घडी केलेला शर्ट बघितला आणि पुन्हा दाभण ओवलं. बातमी तिला दुपारीच लागली होती. वाईट बातमीला पाय लागतात म्हणतात, इथे तर ती धावत आली होती.

"पाणी तापवलंय," ती म्हणाली.

तो अंघोळ करून आला. ताटावर बसला. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला होती, तीही आली. शेवटी फिटरच म्हणाला, "लंब्याला केलं."

"कळलं."

"माझ्या हाताखाली होता तो. त्याला पाना कुठल्या हातात धरायचा ते मी शिकवलंय."

"तेवढंच शिकवलंत," फिटरीण म्हणाली. मग तिचं तिलाच ते लागलं आणि तिने भाजी वाढली. "मी त्या दोघींना सांगून बसले हो. आता नळावर कोणत्या तोंडाने जाऊ?"

"तुला नळाचं पडलंय."

"मग कशाचं पडू? खुर्चीचं तुम्हाला, नळाचं मला."

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही मॅनेजरला कधी म्हणाला होतात का, मला फोरमन करा म्हणून?"

फिटरने घास तसाच धरला. "असं कुणी म्हणतं का? त्यांना डोळे नाहीत?"

"नाही, विचारलं फक्त."

त्या रात्री त्याने मनातल्या मनात एकेकाला मोजलं. त्याच्या हाताखालून गेलेला पहिला मदतनीस दुसऱ्या फॅक्टरीत फोरमन होऊन जुना झाला. दुसऱ्याने मशीनच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, आणि फिटर त्याच्याकडे गेला की तो गादीवरून "या या" म्हणतो पण उठत नाही. तिसरा प्रेसवर मुख्य झाला. आता लंब्या. सगळे त्याच्या अंगावर पाय देऊन वर गेल्यासारखं त्याला वाटलं.

*

काम कुणासाठी थांबत नाही. जिनांच्या दोन रांगा, मध्ये चालायला वाट. प्रत्येक जिनात चामड्याच्या चकत्यांचे दोन रूळ फिरतात, त्यांना पोलादी पातं टेकलेलं असतं, आणि मधलं पातं खालीवर हलत कापसाला मारत राहतं. रुळाने तंतू ओढायचे, पात्याने सरकी अडवायची, हलत्या पात्याने ती झटकून खाली पाडायची. सांगायला सोपं. पण पातं रुळावर जास्त दाबलं तर चामडं तापतं, जळका वास येतो, रुई पिवळी पडते, कधी ठिणगी उडते. कमी दाबलं तर रूळ नुसताच घसरतो आणि माल निघत नाही. कापूस ओला असला की हे गणित रोज बदलतं. सकाळचं बसवणं दुपारच्या उन्हात चालत नाही.

ते बसवायचं काम फिटरचं. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता आणि नसावा अशी त्याने काळजीही घेतली होती. मशीन उघडायला, रुळावरच्या झिजलेल्या खाचा पुन्हा पाडायला, पातं उचलायला मदतनीस चालत. शेवटचे नट आवळायची वेळ आली की फिटर म्हणायचा, "जा रे, चौदा-पंधराचा पाना घेऊन ये." पाना त्याच्याच खिशात असायचा. मदतनीस स्टोअरमध्ये शोधत बसायचा आणि परत येईपर्यंत फिटरने झाकण लावलेलं असायचं. फॅक्टरीत सगळ्यांना हे माहीत होतं. फिटरने पाना मागितला की शहाण्याने निघून जावं आणि येताना चहा पिऊन यावं.

ही त्याच्या उस्तादाची रीत. उस्ताद पाना नाही, तंबाखू आणायला पाठवायचा. फिटरने वर्षभर खिडकीच्या फटीतून बघून काम उचललं होतं. "हातातली विद्या दिली की हात रिकामा," उस्ताद म्हणायचा. फिटरने ते गाठीला बांधलं. आपल्यावाचून अडलं पाहिजे, म्हणजे एक दिवस वर बोलावतील, असा त्याचा साधा हिशेब होता.

लंबू फोरमन झाला तरी पहिल्यासारखाच "काका" म्हणायचा. फिटर मुद्दाम सगळ्यांसमोर "फोरमनसाहेब" म्हणायचा, तेही असं की ऐकणाऱ्याने खाली बघावं. लंबू ऐकून कामाला लागायचा. कापूस आवारात पसरून वाळवायचं त्याने ठरवलं. फिटर म्हणाला, "साहेबांचा हुकूम." लंबूने झाडणाऱ्या बायकांना दुपारी बसायला ताडपत्रीची सावली करून दिली. फिटर म्हणाला, "साहेबांचं मन मोठं." असं बोलून त्याला घटकाभर बरं वाटायचं. मग घरी जाताना तोंड कडू व्हायचं.

त्या कडू तोंडानेच त्याचा हात मशीनमध्ये गेला. पाचव्या जिनात ओली रुई गुंडाळली होती. मशीन थांबवायला सांगून, रूळ पुरता थांबायची वाट बघायची, हे तोच नव्यांना शिकवायचा. त्या दिवशी तिकडून लंबू कुणाला तरी हसत काही सांगत होता आणि फिटर त्याच्याकडे बघत होता. रूळ शेवटचा अर्धा वेढा फिरला. उजव्या हाताची दोन बोटं पात्याला घासून निघाली. हाड वाचलं. रुईवर रक्त दिसलं तेव्हा जिनाखाली बसलेली सरकीवाली पहिली ओरडली.

*

टाके पडले, हात फडक्यात बांधून गळ्यात आला. डॉक्टरने हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. फिटर घरी खाटेवर बसला आणि दाराकडे बघायला लागला.

तो वाट बघत होता. फिटरिणीला ते कळत होतं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "आज ऊन कडक आहे. पाती सैल करावी लागतील."

"करतील कुणीतरी."

"कोण करतंय!" तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून फिटरीण उठून आत गेली.

संध्याकाळी लंबू आला. दारात वाकून आत शिरला, पोत्यांच्या ढिगावरच टेकला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि दाढी वाढली होती.

"हात कसाय काका?"

"आहे जागेवर."

"तीन जिनं बंद पडलीत. मी बसवायला गेलो तर एकाचा रूळच जळाला. सरकी फुटतेय, रुईत तुकडे येताहेत." त्याने गुडघ्यावर हात ठेवले. "तुम्ही नुसतं तोंडाने सांगा. कुठे किती दाब ठेवायचा, आवाज कसा यायला हवा. मी करतो."

ही घटका फिटरने किती वर्षं मनात रंगवली होती. फोरमन आपल्या दारात, पोत्यावर बसलेला. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, पण शिळा निघाला.

"सांगून येत नाही ते," फिटर म्हणाला. "हाताला कळावं लागतं."

लंबूने मान हलवली. चहा न घेताच गेला.

फिटरिणीने सुतळी दाताने तोडली. "येत नाही, की सांगायचं नाही?"

"तुला काय कळतंय मशीनमधलं?"

"मशीनमधलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं."

*

तिसऱ्या दिवशी घरात बसवेना म्हणून तो बांधलेल्या हाताने फॅक्टरीत गेला. लांबूनच त्याला कळलं. रोज दोन्ही रांगांचा मिळून जो एक घोंघाट यायचा तो अर्धाच येत होता. फाटकाबाहेर सरकी झाडणाऱ्या बायका निघाल्या होत्या, डबे न उघडताच. अर्धी जिनं बंद, म्हणून अर्ध्या बायकांना आल्या पावली परत पाठवलं होतं. त्यांचं काम रोजंदारीचं.

त्या दिवशी ओरडलेली सरकीवाली त्यांच्यातली जुनी. विधवा, काटक, बोलायला फटकळ. जिनांच्या खाली बसून सरकी ओढण्यात तिची वर्षं गेली होती. ती फिटरसमोर उभी राहिली.

"काय फिटरभाऊ, बोट बरं आहे का?"

"बरं आहे."

"लवकर बरं करा. तुमचं बोट आणि आमची चूल एका दोरीला बांधलेली आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं." तिने डबा काखेला मारला. "राग तुमचा फोरमनवर. उपाशी आम्ही. चांगला न्याय आहे."

बाकीच्या बायका हसल्या नाहीत. तो त्यांना जाताना बघत राहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली, उघडी, चारचौघांत वाटते तशी.

मग तो सरळ मॅनेजरच्या खोलीत गेला. आजवर या खोलीत तो बोलावल्याशिवाय आला नव्हता. मॅनेजर फोनवर कुणाची तरी समजूत काढत होता, त्याने बसायची खूण केली. फिटर उभाच राहिला.

"एक विचारायचंय. भांडायला नाही आलो. मला फोरमन का नाही केलं?"

मॅनेजरने फोन ठेवला. "आज विचारताय?"

"आज विचारतोय."

"बसा आधी." तो बसेपर्यंत मॅनेजर थांबला. "खरं सांगू? तुमचं नाव याआधीही निघालं होतं. प्रेसच्या जागेलाही निघालं होतं. दर वेळी मालक एकच विचारायचे, याला वर घेतला तर पाती कोण बसवणार? माझ्याकडे उत्तर नसायचं. तुम्ही एक माणूस तयार केला असता, तर मी म्हणालो असतो, हा बघा, हा बसवील. लंबू दोन वर्षं तुमच्या हाताखाली होता. त्याला पाती येत नाहीत. पण त्याच्यावाचून कुठली जागा अडत नव्हती. तो सुटा होता. सुटा माणूस उचलता येतो, फिटर. खिळलेला नाही."

"मला कुणी सांगितलं नाही हे."

"ते चुकलंच. सांगायला हवं होतं. पण तुम्हीही कधी विचारलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला तुमची रांगच आवडते. आणि सोयीचं होतं आम्हालाही. खोटं कशाला बोलू?"

फिटरने टेबलाच्या कडेवरचा रुईचा तंतू उचलला. एवढी वर्षं ज्या दोरीने आपण वर चढतोय असं त्याला वाटत होतं, तीच कमरेला बांधून खुंटीला अडकवलेली होती. गाठ दुसऱ्या कुणी मारली असती तर निदान शिव्या देता आल्या असत्या.

"आता पुढे?" त्याने विचारलं.

"आता लंबू आहे. चांगला आहे. त्याला मी काढणार नाही. तुम्हाला अजून काही वर्षं काम करायचंय, मलाही तुम्ही हवे आहात. काय हवंय ते विचार करून सांगा. पण सांगा. मनात ठेवलेलं मला वाचता येत नाही."

*

तो लगेच घरी गेला नाही. फोरमनच्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिला. कामाला हात नव्हता, म्हणून डोळे होते.

लंबूचा दिवस त्याने पहिल्यांदा नीट बघितला. ट्रकवाला ओरडत आला, लंबूने त्याला पाणी पाजून थंड केलं. शेतकऱ्याने कापूस ओला नाही म्हणून कांगावा केला, लंबूने मूठ दाबून दाखवली आणि भाव न तोडता वाळवायला जागा दिली. मालकाचा फोन आला तेव्हा तो कानापासून लांब धरून ऐकत होता. दोन हमाल भांडले. परत पाठवलेल्या बायकांसाठी तो मॅनेजरकडे हात जोडून आला, म्हणाला, उद्या यांना आवारात तरी काम देऊ. दिवस मावळेपर्यंत तो कलत्या खुर्चीवर एकदाही धड टेकला नाही. तीत बसून गुडघे बरे होतील ही फिटरची समजूतच खोटी होती.

आणि फिटरला मनात कबूल करावं लागलं, की हे आपल्याला जमलं नसतं. ट्रकवाल्याला आपण दोन लावून दिल्या असत्या. शेतकऱ्याकडे बघितलंही नसतं. कबूल करताना दुखलं. पण टाके घालताना दुखलं तसं, नंतर जरा हलकं वाटलं.

संध्याकाळी तो घरी गेला. फिटरीण पोतं पालथं घालत होती. तो तिच्याजवळ खालीच बसला आणि मॅनेजर जे बोलला ते सगळं तिला सांगितलं, काही न लपवता. ती ऐकत राहिली.

"मग मलाही एक सांगा," ती म्हणाली. "फोरमन होऊन तुम्हाला काय हवं होतं? खुर्ची सोडून."

त्याने गुडघा चोळला. "रात्री उठवायला येतात ते नको होतं. मशीन बिघडलं की दार वाजवतात, चिखलातून जायचं. गुडघे आता साथ देत नाहीत. आणि ए फिटर म्हणून हाक मारतात. हाताखालचे सगळे साहेब झाले. कुणीतरी नीट हाक मारावी असं वाटायचं."

"अजून?"

"अजून काही नाही. माणसं सांभाळायची मला हौस नाही. आज कळलं."

"म्हणजे फोरमनकी नकोच होती तुम्हाला," ती म्हणाली. "रात्रीची झोप हवी होती आणि मान हवा होता. ते तरी मागा."

"मान मागून मिळतो?"

"तो नाही मिळत. झोप मिळते."

तो हसला, पण डोळे भरले. "एवढी वर्षं गेली गं."

"गेली," ती म्हणाली. तिने त्याची समजूत घातली नाही. पाठीवर हात ठेवला आणि मग दाभण शोधायला लागली, कारण ते पोत्याखाली गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मॅनेजरकडे गेला आणि म्हणाला, "मला फक्त दिवसपाळी द्या. रात्री कुणी बोलवायचं नाही. बदल्यात दोन माणसं तयार करून देतो. पाती बसवायला."

"किती दिवसांत?"

"दिवसांत नाही. हंगाम लागेल."

मॅनेजरने जरा विचार केला. पगार आहे तोच राहील म्हणाला. फिटरला ते ठाऊकच होतं. "कोण कोण हवेत?"

"एक मदतनीस कुणीही द्या. दुसरी सरकीवाली."

मॅनेजरने भुवया चढवल्या. फिटर म्हणाला, "ती वर्षानुवर्षं जिनाखाली बसते. फुटलेली सरकी आधी तिच्या हाताला लागते. तिला अर्धं ठाऊक असणार, उरलेलं मी सांगतो."

*

सरकीवालीला काही अर्धं ठाऊक नव्हतं. सरकी फुटते एवढं कळायचं, का फुटते ते नाही. नट उलट्या दिशेने फिरवायची. दोन रूळ खराब केले. मदतनीस तिच्यापेक्षा चलाख निघाला, पण घाई करायचा. फिटरचा आवाज चढायचा, मग तो बांधलेल्या हाताकडे बघून गप्प व्हायचा.

सगळ्यात अवघड पहिला दिवस गेला. सहाव्या जिनाचं झाकण काढलं, पातं ठेवलं, शेवटचे नट आवळायची वेळ आली आणि फिटरच्या तोंडून निघून गेलं, "जा, चौदा-पंधराचा पाना घेऊन ये."

मदतनीस निघालासुद्धा. सरकीवाली जागची हलली नाही. ती फिटरच्या खिशाकडे बघत होती.

"थांब रे," फिटर म्हणाला. त्याने डाव्या हाताने पाना काढून तिला दिला. "इथे धर. आता आवळ. आवळ अजून. बास. आता रूळ हाताने फिरव. काय लागतं?"

"जड लागतंय."

"जड म्हणजे जास्त. मागे घे. एवढं नाही, नखभर."

लंबू वाटेत थांबून बघत होता. फिटरने त्याच्याकडे बघून म्हटलं, "लांबून काय बघतोस? तूही ये." साहेब म्हणायचं तो विसरला. लंबू आला आणि जमिनीवर उकिडवा बसला.

टाके निघाले, बोटं वळायला लागली तरी ताठरपणा राहिला. कापूस वाळत गेला, थंडी पडली, आवारातले ढीग चढले आणि उतरले. कधी सरकीवालीचं बसवलेलं जिन तासाभरात तापायचं आणि फिटरला ते पुन्हा उघडावं लागायचं. त्या वेळी त्याला मनातून बरं वाटायचं. बरं वाटतंय हे कळलं की वाईट वाटायचं. असं दोन्ही बाजूंनी चालू होतं.

हंगाम उतरणीला लागला तेव्हा एका संध्याकाळी दिवसपाळी सुटल्यावर तो फाटकापर्यंत आला आणि थांबला. मागच्या घोंघाटात एक जिन खरखरत होतं. आठवं असावं, आणि त्या पाळीला पात्यांवर सरकीवाली होती. पातं कुठेतरी टेकत होतं. त्याचे पाय आपोआप वळले. आत जाऊन दोन मिनिटांत बसवून दिलं असतं.

तो गेला नाही. फाटकाच्या खांबाला धरून उभा राहिला. जिन थांबलं. बराच वेळ गेला. कुणी धावत बोलवायला येईल म्हणून तो वाटेकडे बघत होता, आणि यावं असंही त्याला वाटत होतं. मग जिन पुन्हा सुरू झालं. आधी अडखळलं, मग आवाज मोकळा झाला आणि बाकीच्यांत मिसळून गेला, असा की कुठलं बिघडलं होतं ते आता फिटरलाही सांगता आलं नसतं. आयुष्यभर जे होऊ नये म्हणून त्याने जपलं होतं ते झालं होतं, आणि त्यानेच ते घडवलं होतं.

अजून उजेड होता. पाळी सुटली तरी एरवी तो अंधार पडेपर्यंत आत रेंगाळायचा, म्हणून घराच्या वाटेवर लोक त्याला बघून "आज लवकर?" म्हणत होते. फिटरीण उंबऱ्यात होती. त्याला बघून तिने काम खाली ठेवलं.

"काय झालं?"

"आठवं बिघडलं होतं. सरकीवालीने बसवलं. मला न विचारता."

"बरोबर बसवलं?"

"बरोबर."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला वाईट वाटतंय."

"वाटतंय," तो म्हणाला.

"वाटू द्या," ती म्हणाली आणि पोती बाजूला सारून त्याला बसायला जागा केली.